इंग्रजी इतिवृत्ताचं मराठी: पडलेली उपसूचना, विशेष ठराव आणि न जुळणारी मतं

काजूबोंड
सिंधुदुर्गातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मराठीत करायला घेतलं आहे. मूळ इंग्रजीत आहे, मुंबईच्या कंपनी सेक्रेटरीने लिहिलेलं. सभासद सगळे काजू-आंबावाले. पुढच्या सभेच्या नोटिशीबरोबर त्यांना मराठी प्रत द्यायची आहे. एकूण सभासद ६१२, हजेरीपुस्तकावर सह्या १७१.

तीन ठिकाणी अडलोय.

विषय ३, वार्षिक हिशेब. ‘अडॉप्टेड नेम. कॉन., फोर मेंबर्स अब्स्टेनिंग’ असं लिहिलंय. मी ‘सर्वानुमते मंजूर’ केलं.

विषय ५, प्रक्रिया केंद्रासाठी कर्ज. मोशन ४० लाखांपर्यंतची. तिच्यावर एका सभासदाने २५ लाखांची अमेंडमेंट मांडली. अमेंडमेंटला बाजूने ७१, विरोधात ८८, तटस्थ १२, म्हणून ‘लॉस्ट’. मग मूळ मोशनला बाजूने ९४, विरोधात ६७, तटस्थ ७, म्हणून ‘कॅरीड’. पहिली बेरीज १७१ येते, दुसरी १६८. तीन माणसं कुठे गेली?

विषय ६, संचालकांची संख्या ७ वरून ९ करण्यासाठी आर्टिकल्सची अमेंडमेंट. ‘स्पेशल रिझोल्यूशन’ म्हणून मंजूर. बाजूने ११४, विरोधात ३८, तटस्थ १९. इथे मी ‘तीन चतुर्थांश बहुमताने’ असं लिहिलं आणि मग हिशेब केला, तर १७१ चे तीन चतुर्थांश १२८ च्या वर जातात. म्हणजे ठरावच पडला की काय?

जेटीवरचा
एवढा विचार कशाला? मच्छीमार सोसायटीची इतिवृत्तं लिहायचं काम माझ्याकडेच असतं. मोशन म्हणजे ठराव, रिझोल्यूशन म्हणजे ठराव. अमेंडमेंटला दुरुस्ती म्हण. दुरुस्ती पडली की मूळ ठराव आपोआप पास होतो, त्यामुळे दुसऱ्या मतदानाचे आकडे नाही दिले तरी चालतं. द्यायचेच असतील तर ते तीन तटस्थांत टाक, ७ चे १०. हात वर केला नाही म्हणजे तटस्थच ना? विशेष ठरावाला तीन चतुर्थांश लागतात एवढं मात्र नक्की. ते जमत नसेल तर कंपनीवाल्यांना कळव.

मसुदानवीस
जेटीवरचा, तुमचं विशेष ठरावाचं वाक्य निम्मं बरोबर आहे. आधीची दोन तपासायला हवीत.

उपसूचना पडली म्हणून मूळ प्रस्ताव मंजूर होत नाही. सभेने एवढंच सांगितलं की आकडा २५ लाख करायचा नाही. ४० लाखांना सभेची संमती आहे का, हा प्रश्न तसाच उभा राहतो, म्हणून त्यावर वेगळं मतदान घ्यावं लागतं. उपसूचना मंजूर झाली असती तरीसुद्धा दुसरं मतदान लागलं असतं, ‘दुरुस्त केलेल्या प्रस्तावावर’. त्यामुळे भाषांतरात दोन्ही मतदानं, दोन्ही निकाल आणि मुख्य म्हणजे त्यांचा क्रम राहिलाच पाहिजे. दुसऱ्या मतदानाचे आकडे गाळले तर वाचणाऱ्याला वाटेल की ८८ जणांच्या जोरावर ४० लाखांचं कर्ज मंजूर झालं. ते ८८ फक्त २५ लाखांच्या विरोधात होते. त्यांतल्या काहींनी नंतर ४० लाखांच्याही विरोधात हात वर केला असेल. तसं होऊ शकतं, कर्जच नको असलेला माणूस दोन्हीला विरोध करतो.

आता नावं. आपल्याकडे सभेत ‘ठराव मांडला’ आणि ‘ठराव झाला’ दोन्ही म्हणतात, बोलताना काही बिघडत नाही. पण एकाच पानावर मांडलेला, पडलेला आणि झालेला असे तिन्ही ‘ठराव’ आले की सभासदाला कळेनासं होतं. म्हणून मतदान होईपर्यंत ‘प्रस्ताव’, मंजूर झाल्यावर ‘ठराव’, आणि प्रस्तावात बदल सुचवला असेल तर ‘उपसूचना’. पडलेल्या गोष्टीला ठराव क्रमांक द्यायचा नाही. मूळ इंग्रजीत दिला असेल तर मात्र ठेवायचा, आपण काढायचा नाही.

तुमच्या कागदात एक गोम आहे. विषय ५ मध्ये ‘अमेंडमेंट’ आहे आणि विषय ६ मध्येही ‘अमेंडमेंट’ आहे. इंग्रजीत शब्द एकच, पण पहिली म्हणजे चर्चेतल्या प्रस्तावावरची उपसूचना आणि दुसरी कंपनीच्या नियमांतली दुरुस्ती. दोन्हींना ‘दुरुस्ती’ म्हटलंत तर ‘दुरुस्ती नामंजूर, दुरुस्ती मंजूर’ असं वाचून बागायतदार फोन करणारच. ‘आर्टिकल्स ऑफ असोसिएशन’ देवनागरीत तसंच लिहा. सभासदांनी कंपनी नोंदवताना तेच ऐकलेलं असतं.

विशेष ठरावाबद्दल. कंपनी कायदा २०१३ चं कलम ११४ असं सांगतं की बाजूची मतं विरोधी मतांच्या तिपटीपेक्षा कमी असता कामा नयेत. तुमच्याकडे विरोधात ३८. तीन गुणिले ३८ म्हणजे ११४. बाजूने ११४. अगदी काठावर, पण मंजूर. तटस्थ १९ या हिशेबात येतच नाहीत. मत देणारे १५२, त्यांचे तीन चतुर्थांश बरोबर ११४. म्हणजे ‘तीन चतुर्थांश’ म्हणणं चुकलं असं नाही, ते कशाचे हे न सांगणं चुकलं. वाचणारा आपोआप हजर असलेल्यांचे धरतो, तुम्हीही तेच धरलंत. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, ११३ आणि ३९, तर ठराव पडला असता. अशा जागी आकड्यात एकाचीही चूक परवडत नाही.

आणि मूळ इतिवृत्तात ‘तीन चतुर्थांश’ हे शब्द आहेत का? नसतील तर भाषांतरातही घालू नका. ‘विशेष ठराव म्हणून मंजूर’ एवढंच लिहा आणि तिन्ही आकडे द्या.

काजूबोंड
नाहीत. मूळात फक्त ‘पास्ड अ‍ॅज अ स्पेशल रिझोल्यूशन’ आहे. सभासदांना समजावं म्हणून मीच घातलं.

चाकरमानी_विरार
माझाही असाच प्रश्न. आमची रत्नागिरीत हाउसिंग सोसायटी आहे, मी विरारला असतो. मागच्या सभेत पोटनियम बदलले. मी पत्राने ‘विरोध’ असं कळवलं होतं, तर त्यांनी ते मोजलंच नाही आणि इतिवृत्तात नुसतं ‘दोन तृतीयांश बहुमताने’ लिहिलं. वर तीन चतुर्थांश म्हणताय, मग आमचा ठराव बेकायदा ठरतो ना?

मसुदानवीस
तुमचा कायदाच वेगळा आहे. वर चाललंय ते कंपनी कायद्यातलं. तुमची सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते. त्यातल्या कलम २७ प्रमाणे सभासदाने मत स्वतः हजर राहून द्यायचं असतं, बदली माणसाकडून नाही. पत्र मोजलं नाही यात त्यांची चूक दिसत नाही. आकडे न लिहिता नुसतं ‘दोन तृतीयांश’ लिहिणं वाईटच, पण तो मूळ इतिवृत्त लिहिणाऱ्याचा प्रश्न झाला, भाषांतराचा नव्हे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

चाकरमानी_विरार
बरं. पण गणपतीला येणार आहे तेव्हा विचारणारच.

तालुका_कोर्ट
न जुळणाऱ्या तीन मतांबद्दल. जेटीवरचे म्हणतात तसं ७ चे १० अजिबात करू नका. हजेरीपुस्तकावर सही केलेला माणूस मतदानाच्या क्षणी सभागृहात असेलच असं नाही. जेवणाच्या सुमाराला उठून गेले असतील, एसटी धरायची असेल, किंवा मोजणाऱ्याची चूक असेल. तटस्थ म्हणजे जो तिथे होता आणि ज्याने मत न देण्याची नोंद होऊ दिली. तिथे नसलेला माणूस तटस्थ होत नाही. तुम्ही १० लिहिलंत तर सभेत न घडलेली गोष्ट मराठीत घडवलीत.

मूळ इतिवृत्त दुरुस्त करून मागण्याचाही मोह होईल. सही झालेल्या इतिवृत्तात सेक्रेटरीने परस्पर आकडा बदलू नये. चूक असेल तर ती रीतसर मांडून तशी नोंद करायची. तोपर्यंत मूळ कागदावर १६८ आहेत, तर मराठीतही १६८.

दुसरी गोष्ट. हात वर करून मतदान झालं असेल तर अध्यक्षांनी निकाल जाहीर केला ही नोंद फार वजनदार असते. कंपनी कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे ती नोंद हाच निर्णायक पुरावा धरतात, मतांची संख्या वेगळी सिद्ध करावी लागत नाही. म्हणून मूळात ‘द चेअरमन डिक्लेअर्ड’ असेल तर ‘अध्यक्षांनी जाहीर केले’ हे शब्द ठेवायचेच. बरेच भाषांतरकार ते लांबड समजून गाळतात आणि नुसतं ‘मंजूर झाला’ लिहितात.

काजूबोंड
मग न जुळणारी बेरीज मी कुठेच दाखवायची नाही का? एखाद्या सभासदाने बेरीज केली तर तो म्हणेल भाषांतरात चूक आहे.

मसुदानवीस
दाखवायची, पण इतिवृत्ताच्या अंगात नाही. शेवटी रेघ मारून ‘भाषांतरकाराची टीप’ असं शीर्षक द्या आणि लिहा: ‘विषय क्र. ५ मधील मूळ प्रस्तावावरील मतांची बेरीज १६८ होते. उपसूचनेवरील मतांची बेरीज १७१ आहे. दोन्ही आकडे मूळ इंग्रजी प्रतीप्रमाणे आहेत.’ बस. कारण सुचवू नका. ‘तीन सभासद निघून गेले असावेत’ हे आपण पाहिलेलं नाही.

बेरीज करून पाहण्याची सवय मात्र चांगली. ती दुसऱ्या कामाला येते. मूळ हाताने लिहिलेलं असेल आणि एखादा आकडा लागत नसेल तर बेरजेवरून वाचता येतो. मराठी हस्ताक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ यांची फार गल्लत होते. पण तिथेसुद्धा आकडा दोन्ही प्रकारे वाचता येत असेल तरच बेरीज निवाडा करते. स्पष्ट दिसणारा आकडा बेरजेसाठी बदलायचा नाही.

बांद्याची_आजी
आमच्याकडे तर सगळा ‘सर्वानुमते’च असता. दोन माणसां उठान भांडली तरी सर्वानुमते. विषय ३ ला ह्या लिवलास तर कोणाक काय कळतला?

तालुका_कोर्ट
आजी, कळतं. त्या चौघांना नक्की कळतं. 🙂

‘नेम. कॉन.’ म्हणजे विरोधात कोणी मत दिलं नाही. सगळ्यांनी बाजूने दिलं असा त्याचा अर्थ नाही. चार जण तटस्थ आहेत हे मूळातच लिहिलंय. ‘एकमताने’ किंवा ‘सर्वानुमते’ लिहिलंत तर ते चौघे हिशेबाला संमती देणाऱ्यांत जमा होतात, आणि नेमके हिशेबाच्याच विषयावर तटस्थ राहणारे लोक मुद्दाम तटस्थ राहिलेले असतात. ‘कोणीही विरोधात मत न देता मंजूर, ४ सभासद तटस्थ’ असं लिहा.

मसुदानवीस
‘एकमताने’बद्दल सहमत. ‘सर्वानुमते’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सर्वांची अनुमती म्हणजे कोणाची हरकत नाही, असाही अर्थ आपल्याकडे घेतात, आणि बऱ्याच संस्थांच्या कागदांत तो त्याच अर्थाने येतो. ‘सर्वानुमते, ४ तटस्थ’ असं आकड्यासकट लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

तालुका_कोर्ट
मी म्हणेन. कागद दोन वर्षांनी कोणा तिसऱ्यासमोर जातो तेव्हा ‘सर्वानुमते’ तेवढं वाचलं जातं आणि आकडा मागे राहतो. असो, यावर आपलं जमणार नाही.

काजूबोंड
मी ‘कोणीही विरोधात मत न देता’ घेतो. लांब आहे, पण भांडण नको. सुधारून विषय ५ आणि ६ असे केलेत:

> विषय क्र. ५ : काजू प्रक्रिया केंद्रासाठी कर्ज
> प्रस्ताव : यंत्रसामग्रीसाठी बँकेकडून ₹ ४०,००,००० कर्ज घ्यावे व त्याच्या कागदपत्रांवर अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी सह्या कराव्यात. सूचक : सभासद क्र. ४८. अनुमोदक : सभासद क्र. २१३.
> उपसूचना : ‘₹ ४०,००,०००’ ऐवजी ‘₹ २५,००,०००’ असे वाचावे. सूचक : सभासद क्र. ३०७. अनुमोदक : सभासद क्र. ९१.
> उपसूचनेवर हात वर करून मतदान : बाजूने ७१, विरोधात ८८, तटस्थ १२. उपसूचना नामंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.
> त्यानंतर मूळ प्रस्तावावर हात वर करून मतदान : बाजूने ९४, विरोधात ६७, तटस्थ ७. प्रस्ताव मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.
>
> विषय क्र. ६ (विशेष कामकाज) : आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये दुरुस्ती
> मतदान : बाजूने ११४, विरोधात ३८, तटस्थ १९. विशेष ठराव म्हणून मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. त्यानुसार संचालकांची संख्या ९ करण्यात आली.

सूचक-अनुमोदकांची नावं मूळ प्रतीत आहेत, इथे फक्त क्रमांक टाकले.

मसुदानवीस
क्रम उत्तम. आता मूळ शब्द बघून तीन गोष्टी सांगा. ४० लाखांच्या आधी ‘नॉट एक्सीडिंग’ आहे का? सह्यांच्या ठिकाणी ‘जॉइंटली’ आहे की ‘सेव्हरली’? आणि ‘९ करण्यात आली’ हे वाक्य मूळात आहे का?

काजूबोंड
‘अप टू अँड नॉट एक्सीडिंग’ आहे. सह्यांना ‘जॉइंटली ऑर सेव्हरली’. शेवटचं वाक्य मूळात नाही. तिथे ‘दॅट द आर्टिकल्स बी अमेंडेड’ असं काहीतरी आहे, त्याचा सोपा अर्थ म्हणून लिहिलं.

मसुदानवीस
तर मग तिन्ही बदला.

‘₹ ४०,००,००० कर्ज घ्यावे’ हा आदेश झाला. सभेने संचालक मंडळाला फक्त मर्यादा घालून दिली आहे. मंडळाने १८ लाखच घेतले तरी ते ठरावाप्रमाणेच असेल. ‘जास्तीत जास्त ₹ ४०,००,००० पर्यंत’ असं लिहा, पुढे ‘अक्षरी रुपये चाळीस लाख’. मूळात चार मिलियन असं लिहिलं असतं तर चाळीस लाख करायचे होते, पण तुमच्याकडे ती भानगड नाही.

सह्यांचं तुमचं वाक्य वाचून कोणीही समजेल की दोघांच्याही सह्या लागतात. मूळ ठरावाने एकट्यालाही अधिकार दिलाय. ‘दोघांनी मिळून किंवा दोघांपैकी कोणीही एकट्याने’. बँकेत अडतं ते इथेच, आणि सभासदांनाही हे कळायला हवं, कारण ६७ जणांच्या विरोधाचं कारण कदाचित तेच असेल.

‘९ करण्यात आली’ काढा. ठरावाची भाषा आणि झालेल्या कृतीची भाषा वेगळी ठेवायची. चर्चा आणि मतदान भूतकाळात: ‘मांडला’, ‘मतदान झाले’, ‘जाहीर केले’. ठरावाचा मजकूर मात्र ‘असा ठराव करण्यात येत आहे की’ या साच्यात, वर्तमानात. सभेने दुरुस्तीला मान्यता दिली. जागांवर माणसं कधी आली हे हे इतिवृत्त सांगत नाही. आणि विषय ५ मध्ये मंजुरीनंतर ठरावाचा पूर्ण मजकूर पुन्हा यायला हवा. मूळात असणारच, तुम्ही तो दुरुक्ती समजून गाळलेला दिसतोय.

काजूबोंड
हो, प्रस्तावातलाच मजकूर परत होता म्हणून गाळला. घालतो:

> ठराव क्र. ५ : असा ठराव करण्यात येत आहे की, काजू प्रक्रिया केंद्राच्या यंत्रसामग्रीसाठी बँकेकडून जास्तीत जास्त ₹ ४०,००,००० (अक्षरी रुपये चाळीस लाख) पर्यंत कर्ज घेण्याचे अधिकार संचालक मंडळास देण्यात येत आहेत, तसेच त्यासंबंधीच्या कागदपत्रांवर दोघांनी मिळून किंवा दोघांपैकी कोणीही एकट्याने सह्या करण्यास अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना याद्वारे प्राधिकृत करण्यात येत आहे.

जेटीवरचा
हे चांगलं झालं. तटस्थांचं माझं चुकलंच म्हणा, पण एक शंका आहे. विषय ६ ला ‘विशेष कामकाज’ लिहिलंय आणि विषय ५ ला नाही. दोन्ही नेहमीच्या विषयांपलीकडचे आहेत. मग कर्जाचा ठरावही विशेष ठराव नको का?

तालुका_कोर्ट
शंका रास्त आहे, पण गोष्टी दोन. विशेष कामकाज म्हणजे हिशेब, लाभांश, लेखापरीक्षक अशा ठरलेल्या विषयांपलीकडचं काम. विशेष ठराव म्हणजे तिपटीच्या अटीने झालेला ठराव. विशेष कामकाजातला विषय साध्या बहुमताच्या ठरावानेही मंजूर होतो. कर्जाला ९४ विरुद्ध ६७ आहेत. तो विशेष ठराव असता तर २०१ मतं लागली असती, आणि तेवढी माणसं सभेत नव्हतीच. मूळात विषय ५ च्या डोक्यावर काय शीर्षक आहे तेच मराठीत यावं.

काजूबोंड
मूळात ५ आणि ६ दोन्हींच्या वर मिळून एकदाच ‘स्पेशल बिझनेस’ आहे. मी ते फक्त ६ ला जोडलं. दोन्हींच्या वर घेतो.

आता राहिला प्रश्न सहीचा. मराठी प्रतीवर अध्यक्षांची सही घ्यायची का? कार्यालयातून म्हणतात घ्या, म्हणजे सभासदांचा विश्वास बसेल.

तालुका_कोर्ट
मी घेणार नाही. दोन सह्यांचे दोन कागद झाले की दोन इतिवृत्तं झाली. पहिल्या पानावर ‘मूळ इंग्रजी इतिवृत्त अधिकृत, ही प्रत सभासदांच्या माहितीसाठी केलेले भाषांतर’ असं छापा आणि खाली भाषांतरकाराचं नाव व तारीख द्या. तारखेत महिना अक्षरात लिहा. ८/७ म्हटलं की कोणी जुलै वाचतो, कोणी ऑगस्ट.

मसुदानवीस
अध्यक्षांनी ‘प्रत मिळाली’ अशी सही केली तर हरकत नसावी असं मला वाटतं, पण ‘खरी प्रत’ म्हणून नको. यात कंपनी सेक्रेटरीला विचारा, शेवटी उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

बांद्याची_आजी
आणि अक्षर मोठा ठेव रे बाबा. बारीक छापलास तर ‘विरोधात’ खंय आणि ‘बाजूने’ खंय ता चष्मो लावन पण गावाचा नाय.